शनिवारचा पेटीचा क्लास आणि चपलांच्या कपाटावरचा राऊटर

माझी मावशी डोंबिवलीत राहते आणि दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता ऑनलाइन पेटी शिकवते. विद्यार्थी सहा. दोघं पुण्यातले, एक नागपूरचा आणि तिघी न्यू जर्सीतल्या; तिकडे उन्हाळ्यात तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. तिची तक्रार अशी, की सा लावला की तो सगळ्यांना ऐकू जातो, पण पलटा सुरू केला की मधले दोन-तीन स्वर गिळले जातात. तिने कंपनीला फोन केला, तिकडून सल्ला आला की प्लॅन वाढवा. पन्नास एमबीपीएसचा प्लॅन दोनशेचा झाला. स्वर गिळले जातच राहिले.

मी ऑफिसांत नेटवर्क बसवायची कामं करतो. म्हणून मग मला बोलावणं आलं, "अरे, एकदा येऊन बघून जा." त्या दोन-तीन शनिवारी जे केलं, तेच इथे क्रमाने लिहितोय. तुमचा क्लास गणिताचा असेल, योगाचा असेल, तरी क्रम हाच.

आधी प्लॅनचं. चित्र आणि आवाज मिळून अशा क्लासला चार-पाच एमबीपीएस जाण्या-येण्याला पुरतात. पन्नासचं दोनशे करणं म्हणजे बारा डब्यांची लोकल पंधरा डब्यांची करणं. पण गाडी दिव्याला सिग्नलसाठी उभीच राहत असेल, तर डबे वाढवून ठाण्याला लवकर पोचता येत नाही. आवाजाचे बारीक तुकडे होऊन जातात, सेकंदाला साधारण पन्नास. एखादा तुकडा हरवला किंवा फार उशिरा पोचला, तर समोरचा संगणक त्याची वाट बघत बसत नाही, तो टाकून पुढे जातो. तोच गिळलेला स्वर. म्हणजे शोधायचा आहे तो वेग नाही. तुकडे कुठे अडतात ते शोधायचं आहे.

पहिलं काम: बिघाड घरात आहे की घराबाहेर?

हे ठरवल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. लॅपटॉपपासून राऊटरपर्यंतचा रस्ता तुमचा, राऊटरच्या पुढचा कंपनीचा. दोन्ही वेगवेगळे तपासता येतात.

लॅपटॉप क्लासच्या नेहमीच्या जागी, चार्जरला लावून ठेवा. बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये वायफाय अधूनमधून डुलकी घेतं आणि आकडे फसवे येतात. विंडोजमध्ये Command Prompt उघडा आणि `ipconfig` लिहा. Default Gateway समोर जो आकडा दिसेल तो तुमच्या राऊटरचा पत्ता. मावशीकडे तो 192.168.1.1 होता. मग त्याला शंभर हाका मारा, आणि नंतर तशाच शंभर हाका बाहेरच्या एका पत्त्याला:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

दुसरा पत्ता गूगलच्या सर्व्हरचा आहे, लक्षात ठेवायला सोपा म्हणून सगळे तोच वापरतात. मॅकवर `-n` च्या जागी `-c` लिहा. प्रत्येकाला दीड-दोन मिनिटं लागतात. शेवटी किती हाका हरवल्या आणि उत्तराला कमीत कमी, जास्तीत जास्त किती मिलिसेकंद लागले ते छापून येतं.

यात एक गोष्ट बहुतेकांची चुकते, माझीही चुकली. मी पहिल्यांदा गेलो तो बुधवारी दुपारी. शंभरातली एकही हाक हरवली नाही, सगळ्यात उशिराचं उत्तर तीस मिलिसेकंदांत आलं. मावशीला म्हणालो, सगळं उत्तम आहे. ती म्हणाली, "मग शनिवारी सातला येऊन बघ." बरोबर होतं तिचं. शनिवारी सातला बिल्डिंगमधले सगळे घरी असतात, प्रत्येक घरात टीव्ही वायफायवर, मुलं मोबाइलवर, आणि खुद्द तिच्याच घरात काका क्रिकेट लावून बसलेले. आठवड्यातून एकदाच होणाऱ्या क्लासची तपासणी त्याच वारी, त्याच तासाला करायची. शनिवारी सात वाजून पाच मिनिटांनी राऊटरला मारलेल्या हाकांचा हा निकाल:

```
Packets: Sent = 100, Received = 93, Lost = 7 (7% loss)
Minimum = 2ms, Maximum = 612ms, Average = 48ms
```

हा रस्ता फक्त बेडरूम ते दार एवढाच आहे, हे लक्षात घ्या. आठ-नऊ मीटरच्या अंतरात शंभरातल्या सात हाका गडप. सरासरी अठ्ठेचाळीस बघून कुणी समाधान मानेल; पण सरासरीकडे बघायचंच नाही. हरवलेल्या हाका आणि Maximum, हे दोनच आकडे कामाचे. माझा ठोकताळा असा: राऊटरपर्यंत एकही हाक हरवू नये आणि बहुतेक उत्तरं दहा मिलिसेकंदांच्या आत यावीत. मधूनच एखादं तीस-चाळीसचं आलं तर सोडून द्या, कधी कधी राऊटर दुसऱ्या कामात असतो आणि हाकेला सावकाश ओ देतो.

राऊटरपर्यंतचे आकडे स्वच्छ आणि 8.8.8.8 चे मात्र खराब, असं असेल तर पुढचं बरंचसं तुमच्यासाठी नाही. पण कंपनीला फोन लावण्याआधी एक बघा: घरातला एखादा फोन फोटोंचा बॅकअप चढवतोय का, सीसीटीव्हीचा कॅमेरा सतत बाहेर काही पाठवतोय का. वर जाणारा रस्ता त्यांनी भरून टाकला, की मागचे सगळे रांगेत उभे राहतात आणि बाहेरचं पिंग एकदम तीनशे-चारशेवर जातं. बॅकअप थांबवला की लगेच खाली येतं. तसं झालं तर दोष कंपनीचा नव्हता.

मग एकदा केबल लावून बघा

मावशीकडे मी पिशवीतून वीस मीटरची लॅन केबल काढली, राऊटरपासून पॅसेजमधून जमिनीवरून थेट बेडरूमपर्यंत टाकली, लॅपटॉपला लावली आणि त्याचं वायफाय बंद केलं. वायफाय बंद करणं महत्त्वाचं. केबल लावली की विंडोज बहुधा स्वतःहून तिच्याकडे वळतं, पण चाचणी करताना "बहुधा" चालत नाही. राऊटरपर्यंत शंभरपैकी शंभर उत्तरं, जास्तीत जास्त एक मिलिसेकंद. बाहेरचंही तसंच: एक हरवली नाही, सगळी दहाच्या आत. म्हणजे कंपनीची लाइन निर्दोष. बिघाड घरातल्या हवेतच होता, आणि प्लॅनचे वाढवलेले पैसे फुकट गेले होते.

केबल आणि वायफायमध्ये एवढा फरक का पडतो? केबलमध्ये लॅपटॉप आणि राऊटर यांच्याशिवाय तिसरं कुणी नसतं, आणि दोघं एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकतात. वायफाय म्हणजे एकच माइक असलेली सभा. एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी कान देऊन थांबायचं; दोघं एकदम बोलले तर दोघांचंही वाया, पुन्हा बोला. शेजाऱ्यांचे राऊटर त्याच चॅनलवर असतील तर तेही याच सभेत बसलेले असतात, पासवर्ड वेगळा असला तरी.

म्हणून शिकवणाऱ्याचा लॅपटॉप केबलवर, हा माझा ठाम सल्ला आहे. कॅट फाइव्ह-ई किंवा कॅट सिक्स, दोन्ही चालतात. शंभर मीटरपर्यंत अडचण नाही आणि घरात तेवढं अंतर कुठे असतं. केबल पूर्ण तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त मिळते, ती वळवता-वळवता आतून तुटते. दारांच्या फटीतून न्यायची असेल तर तयार प्लग असलेली चपटी केबल सोयीची. भिंतीतून भोक पाडून न्यायची असेल तर प्लगशिवाय घ्या, आरपार ओढा आणि मग केबलवाल्याकडून दोन्ही टोकांना प्लग क्रिंप करून घ्या. नाहीतर प्लग जाईल एवढं मोठं भोक पाडावं लागतं. पुष्कळ नव्या लॅपटॉपना लॅनचं भोक नसतं, त्यासाठी यूएसबीचं छोटं ॲडॉप्टर मिळतं.

लावल्यावर विंडोजच्या Ethernet सेटिंगमध्ये Link speed बघा. 1000 दिसलं तर उत्तम. 100 दिसलं तर केबलमधल्या चार जोड्यांपैकी एखादी नीट बसलेली नसेल, किंवा राऊटरचं पोर्टच शंभरचं असेल. क्लासला ते भरपूर आहे, त्यापायी केबल बदलू नका. 10 दिसलं किंवा दिवा सारखा जातो-येतो असं दिसलं, तर क्रिंपिंग पुन्हा करून घ्या. आणि प्लगवरचा प्लास्टिकचा खटका तुटला असेल तर चिकटपट्टीने काम भागवू नका. खुर्ची सरकली की प्लग अर्धा मिलिमीटर बाहेर येतो, आणि ते कळतं नेमकं क्लास सुरू असताना.

इथे लेख संपला असता. पण मावशी पेटी शिकवते. बोटं कुठे पडतात ते मुलांना दिसावं म्हणून ती मोबाइल एका स्टँडवर पेटीच्या बरोबर वर उलटा टांगते, आणि तो मोबाइल दुसरा सदस्य म्हणून त्याच क्लासमध्ये असतो. मोबाइलला केबल कोण लावणार? म्हणजे वायफाय सुधारावंच लागलं. (असा दुसरा फोन जोडताना आवाजाशिवाय जोडा, त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद. नाहीतर पेटी दोनदा वाजल्यासारखी ऐकू येते आणि दोष इंटरनेटला लागतो.)

दोन पट्टे

बहुतेक घरगुती राऊटर दोन पट्ट्यांवर बोलतात, 2.4 गिगाहर्ट्झ आणि 5 गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर साधारण बारा सेंटिमीटरची, ती भिंतीतून बऱ्यापैकी पार होते. दुसरीची जेमतेम सहा सेंटिमीटर, तिला भिंत जास्त शोषते. यावरून "लांब जातो तो चांगला" असं वाटतं. बिल्डिंगमध्ये नेमकं उलटं होतं. तुमचा 2.4 लांब जातो तसा शेजाऱ्यांचाही तुमच्याकडे येतो. शिवाय ब्लूटूथ त्याच पट्ट्यात, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही त्याच पट्ट्यात. आणि जागा किती? चॅनल तेरा दिसतात, पण ते पाच-पाच मेगाहर्ट्झवर आहेत आणि एका राऊटरला वीस-बावीस लागतात. एकमेकांच्या अंगावर न पडणारे फक्त तीन: 1, 6 आणि 11.

शेजारचा 6 वर आहे म्हणून हुशारीने 4 घेणारे लोक मी बघितलेत. ते सगळ्यात वाईट. एकाच चॅनलवरचे राऊटर निदान एकमेकांचं ऐकून पाळी-पाळीने बोलतात; अर्धवट अंगावर आलेल्या चॅनलवरचं बोलणं कळत नाही, नुसता गोंगाट होतो. मावशीच्या बेडरूममधून हे लिहिलं:

```
netsh wlan show networks mode=bssid
```

तेवीस नावं आली, त्यातली एकोणीस 2.4 वर. (नव्या विंडोजमध्ये ही यादी दिसायला लॅपटॉपचं लोकेशन चालू लागतं.) सात टक्के हाका कुठे गेल्या ते कळलं.

5 गिगाहर्ट्झमध्ये चॅनल पुष्कळ आहेत, आणि भिंती लहर शोषतात हा तिथे फायदाच: शेजारी आत येत नाहीत. राऊटरच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये तुमच्या राऊटरचा तो Default Gateway चा पत्ता उघडून, 5 चा चॅनल 36, 40, 44 किंवा 48 पैकी एक ठेवा. 149 ते 161 मिळत असतील तर तेही चालतील. 52 ते 144 मधले टाळा. त्या भागात रडारही असतात, आणि रडार ऐकू आलं की राऊटरने ते चॅनल सोडायचं असा नियम आहे. त्यानंतर त्या भागातलंच दुसरं चॅनल घ्यायचं तर आधी किमान मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. क्लासच्या मध्यात एक मिनिट सगळं गायब होऊन आपोआप परत येत असेल, तर हे एक कारण असू शकतं.

दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर फोन कुठे चिकटेल ते फोन ठरवतो. म्हणून मी नावं वेगळी केली. एकाच्या शेवटी 5G लिहिलं तेव्हा मावशीने विचारलं, "म्हणजे फोनचं फाइव्ह-जी ना?" नाही. ते मोबाइल कंपनीचं, पाचवी पिढी. हे नुसतं पाच गिगाहर्ट्झ. क्लासचा मोबाइल 5 वर, आणि काकांचा टीव्ही, गीझरचा स्मार्ट प्लग, पाहुण्यांचे फोन 2.4 वर, अशी वाटणी झाली. टीव्ही राऊटरजवळ असेल तर त्यालाही केबल द्या. घरातला सगळ्यात खादाड तोच असतो आणि तो जागचा हलत नाही.

वेगळं नाव दिसतच नसेल तर राऊटर एकाच पट्ट्याचा असू शकतो. जुन्या जोडणीबरोबर मिळालेले पुष्कळ तसे आहेत. तिथे मात्र नवा राऊटर हाच उपाय.

जागा

नावं वेगळी करून फोन 5 वर टाकला, आणि चित्र अजून बिघडलं. लॅपटॉप त्या जागी 5 वर जोडून `netsh wlan show interfaces` लिहिलं, तर Signal 38% आला. साठ-पासष्टच्या खाली मी क्लास चालवणार नाही.

राऊटर होता मुख्य दारापाशी, चपलांच्या कपाटावर, मीटरच्या पेटीशेजारी. तिथे का? फायबर त्या दारातून आत आला आणि तंत्रज्ञाला पाच मिनिटांत निघायचं होतं म्हणून. तिथून बेडरूमकडे सरळ रेघ मारली तर ती बाथरूमच्या दोन भिंतींतून जाते, आणि शेवटी बेडरूमच्या भिंतीला टेकलेल्या लोखंडी कपाटावर आदळते. लोखंडी पत्र्यातून लहर जात नाही. आरसा, फ्रिज, पाण्याची टाकी, माळ्यावरची पितळी भांडी यांचंही थोडंफार तसंच. नऊ इंची वीटभिंत परवडली. सगळ्या भिंती काँक्रीटच्या असलेल्या मायवान पद्धतीच्या नव्या टॉवरमध्ये याहून कठीण, तिथे एकेका खोलीगणिक हिशेब करावा लागतो.

ही रेघ कागदावर खरंच मारा. घराचा कच्चा नकाशा काढा, राऊटर आणि क्लासची जागा यांना पट्टीने जोडा आणि वाटेत काय येतं ते मोजा. रेघ भिंतीतून तिरकी जात असेल तर भिंत तेवढी जाड होते. फारच तिरकी असेल तर दुप्पटही. मावशीकडे रेघेवरून लगेच दिसलं, की राऊटर तीन मीटर आत, पॅसेजच्या तोंडाशी नेला तर रेघ बेडरूमच्या उघड्या दारातून जाते, वाटेत भिंतच नाही.

आता राऊटर हलवायचा कसा? फायबरची बारीक तार स्वतः ओढायची नाही, काटकोनात दुमडायची नाही. आत काच आहे. मावशीकडे कंपनीची पेटी आणि वायफाय एकाच डब्यात होते. तो डबा जागेवरच ठेवला, त्याचं वायफाय बंद केलं, आणि त्याच्या लॅन पोर्टमधून केबल आणून पॅसेजमध्ये दोन पट्ट्यांचा दुसरा राऊटर लावला. असा दुसरा राऊटर Access Point मोडमध्ये ठेवायचा. नाहीतर दोन्ही डबे आपापले पत्ते वाटत बसतात, आणि घरातला प्रिंटर सापडत नाही अशा नव्याच तक्रारी सुरू होतात. लॅपटॉपची केबलही याच राऊटरपासून नेली, त्यामुळे ती पाच मीटरचीच लागली.

उंची साधारण डोक्याएवढी, राऊटर उघड्यावर. टीव्हीच्या मागे नाही, लाकडी शोकेसच्या आत नाही, देवघराच्या पितळी मखरामागे तर नाहीच. अँटेना असतील तर एकाच मजल्याच्या घरात सगळ्या उभ्या ठेवा. अँटेनाभोवती लहर मेदूवड्यासारखी पसरते, अँटेना भोकात उभी आणि वडा आडवा. टोक मोबाइलकडे रोखलं तर उलट कमीच मिळतं.

बेडरूममधलं लोखंडी कपाट आम्ही हलवलं नाही, हलणारं नव्हतंच. पेटी मात्र खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, दाराच्या समोर आली. Signal 38 वरून 79 झाला. पुढच्या शनिवारी सातला लॅपटॉप मुद्दाम केबल काढून 5 वर ठेवला आणि राऊटरला हाका मारल्या: एकही हरवली नाही, जास्तीत जास्त अठरा मिलिसेकंद. म्हणजे मोबाइलचं काम झालं. मग लॅपटॉपला केबल परत लावली.

बाजारात सिग्नल वाढवणारे एक्स्टेंडर मिळतात, भिंतीतल्या प्लगला लावायचे. मावशीने आधी एक आणला होता. तो ऐकलेलं पुन्हा बोलतो, म्हणजे त्याच सभेत प्रत्येक वाक्य दोनदा. फोनवर सिग्नलच्या कांड्या पूर्ण दिसतात आणि आवाज तुटतच राहतो. केबल नेणं खरोखर अशक्य असेल तरच त्याचा विचार करा, आणि तेव्हा तो कमकुवत जागी न लावता राऊटर आणि क्लासच्या मधोमध, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावा.

आता शनिवारी पावणेसातला मावशी स्वतः `ping -n 20 8.8.8.8` मारते, वीस आल्या की पेटीचा भाता उघडते. मधे एकदा तिचा फोन आला, की नागपूरचा मुलगा तुटतोय. मी विचारलं, "बाकी पाचजणांना तू नीट ऐकू येतेस का?" येत होती. एकालाच अडचण असेल तर बिघाड त्याच्याकडचा, सगळ्यांना एकदम असेल तर आपल्याकडचा. तिने त्या मुलाच्या आईला फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमचा राऊटर कुठे ठेवलाय?"

फ्रिजवर होता.